ब्लू फ्लॅग किनारा मानांकन : निकष आणि निवाडा

समुद्रकिनाऱ्याच्या स्वच्छतेचे व सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानांकन. 1985 मध्ये फ्रान्समध्ये याची सुरुवात झाली, 1987 पासून ते युरोपभर राबवले जाऊ लागले आणि 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रूपाने ते युरोपाबाहेर पोहोचले. भारतातील पहिले आठ किनारे 2020 मध्ये मानांकित झाले. महाराष्ट्रातील कोकण किनाऱ्यावर या संदर्भात श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूजवळील पारनाका ही नावे घेतली जातात. मानांकन एका हंगामापुरतेच असते. पुढच्या हंगामासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

भारतात या मानांकनाचे 33 निकष सांगितले जातात. पर्यावरण शिक्षण, पाण्याची गुणवत्ता, किनारा व्यवस्थापन आणि सुरक्षा व सेवा असे त्यांचे चार गट आहेत. परंतु खरा भेद या गटांचा नाही. प्रत्येक निकष एकतर अनिवार्य असतो किंवा मार्गदर्शक. जीवरक्षक, प्रथमोपचार, स्वच्छतागृहांच्या सांडपाण्याची विल्हेवाट, पाण्याची तपासणी हे सारे अनिवार्य आहे. किनारा व्यवस्थापन समिती, पिण्याच्या पाण्याची सोय, पर्यावरणपूरक वाहतुकीचा पुरस्कार हे मार्गदर्शक निकष आहेत. ते पाळावेत अशी अपेक्षा असते, पण तेवढ्यावरून झेंडा नाकारला जात नाही. अनिवार्य निकषांत मात्र गुणांची बेरीज नाही. एक चुकला तरी झेंडा नाही, मग बाकीचे कितीही उत्तम असोत. स्वच्छ सर्वेक्षणासारख्या गुणपद्धतीत एका बाबीतील तूट दुसऱ्या बाबीत भरून काढता येते. येथे नवी बाके, सुंदर फलक आणि रंगवलेली स्वच्छतागृहे मिळूनही घाण पाण्याची भरपाई करू शकत नाहीत. पोहणाऱ्याच्या पोटात पाणी जाते, बाके जात नाहीत. म्हणून ही कठोरता योग्यच म्हणावी लागते.

पाण्याच्या निकषात ही कठोरता सर्वांत सूक्ष्म होते. विष्ठेचे प्रदूषण दाखवणाऱ्या दोन जिवाणूंच्या संख्येवर, दर 100 मिलिलिटरमागे ई. कोलाय 250 आणि आतड्यांतील एन्टेरोकोकाय 100, ही मर्यादा आहे. ती सरासरीला लागू होत नाही, 95 व्या शतमकाला, म्हणजे शंभरातले 95 नमुने ज्याच्या खाली राहतील अशा अंदाजित आकड्याला, लागू होते. नमुन्यांच्या लॉगरिदमची सरासरी घ्यायची, त्यात प्रमाण विचलनाची 1.65 पट मिळवायची आणि आलेला आकडा पुन्हा मूळ संख्येत आणायचा. समजा, एका किनाऱ्यावर ई. कोलायचे पाच नमुने 10, 10, 240, 10, 240 असे आले. एकही 250 ओलांडत नाही, साधी सरासरी 102 आहे. तरी शतमक 600 च्या वर जाते आणि किनारा नापास होतो. दुसऱ्या किनाऱ्याचे नमुने 120, 140, 130, 150, 140. सरासरी 136, म्हणजे अधिक, पण शतमक साधारण 156 येते आणि किनारा पास होतो. दोन चांगल्या दिवसांमधला एक घाणेरडा दिवस आकड्यांच्या चढउतारातून उघडा पडतो. ही चाचणी तेवढ्यासाठीच आहे.

कोकणात हे चढउतार नेमके पावसामुळे येतात. गावातून वाहणारा पऱ्ह्या शोषखड्डे, गोठे आणि बाजारपेठेचे पाणी घेऊन थेट पुळणीवर उतरतो. नमुना सर्वाधिक गर्दीच्या जागी, पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे 30 सेंटिमीटरवर घ्यायचा असतो. पऱ्ह्या किंवा नाला जवळ मिळत असेल तर तेथेही घ्यावा लागतो. पावसाळा हंगामाबाहेर ठेवता येतो, पण हंगामाचा पहिला नमुना तो सुरू होण्याआधीच्या 31 दिवसांत घ्यायचा असतो. हंगाम ऑक्टोबरात सुरू केला तर तो नमुना सप्टेंबरच्या परतीच्या सरींत सापडू शकतो. त्यानंतरही दोन नमुन्यांत 31 दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. त्यामुळे एका वाईट नमुन्याला बाकीच्यांत लपायला जागा उरत नाही. नमुन्यांचे आकडे सारखे वरखाली होत असतील, तर आधी पऱ्ह्याच्या काठाने वर चालत जाऊन सांडपाणी कोठून मिळते ते पाहावे. किनारा झाडल्याने तो दोष जात नाही.

एकदा झेंडा मिळाल्यावर निवाड्याची रीत बदलते. एखाद्या निकषाचा किरकोळ भंग झाला तर दुरुस्तीसाठी 10 दिवस मिळतात आणि त्या मुदतीत सुधारणा झाल्यास झेंडा तसाच राहतो. एकापेक्षा अधिक निकषांत त्रुटी आढळल्या तर सुधारणा होईपर्यंत झेंडा उतरवतात. आरोग्य किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचवणारा गंभीर भंग असेल तर उरलेल्या हंगामापुरता तो जातो. म्हणजे प्रवेशद्वारी सर्व किंवा काहीच नाही, आणि आत आल्यावर दोषाच्या वजनाप्रमाणे पायऱ्या.

या पद्धतीची उणीव अर्ज नाकारला जातो तेव्हा जाणवते. एकाच अनिवार्य निकषात अडकलेला आणि दहा निकषांत मागे असलेला असे दोन्ही किनारे केवळ निकालावरून सारखेच दिसतात. ग्रामपंचायतीला पुढच्या वर्षीच्या खर्चाचा अंदाज बांधायचा असेल, तर निकालापेक्षा निकषवार तपासणी अहवाल मागवणे उपयोगाचे ठरते.