गच्चीवरच्या बागेचे वजन आषाढात मोजावे

रत्नागिरीकडे गच्चीवर बाग करायचा बेत बहुधा मे महिन्यात ठरतो आणि हिशेब तिथेच चुकतो, कारण तेव्हा तांबडी माती कोरडी असते, तर स्लॅबला भार पेलायचा असतो तो आषाढात भिजून चिंब झालेल्या मातीचा.

चिकू-लिंबासाठी २०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप मधोमध कापून वापरतात. असे अर्धे पिंप ४० सेंटीमीटरपर्यंत मातीने भरले, की पावसात त्याचे वजन २०० किलोच्या आसपास जाते. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर अशी १२ पिंपे ठेवली, तर दर चौरस मीटरला सरासरी २०० किलो भार येतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात मात्र साधारण १५० किलोच धरलेले असतात. निम्मी माती काढून कोकोपीट आणि कंपोस्ट घातले, पिंपे सहावर आणली आणि ती भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर मांडली, तर भार बराच उतरतो आणि स्लॅबच्या मध्यावर वाकही कमी येतो. सज्जावर आणि बाहेर काढलेल्या गॅलरीवर पिंप ठेवूच नये. खारट हवेने सळ्या गंजून छताला तडे किंवा तांबूस डाग पडले असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. तिथे वरचे आकडे लागू पडत नाहीत.

साधा डांबरी थर पाणी अडवतो, मुळे अडवतोच असे नाही. ओल शोधणारे मूळ त्याच्या सांध्यातून आत शिरते. म्हणून मूळरोधक मेंब्रेन घ्यावे, त्याचे सांधे एकावर एक चढवून वितळवून जोडावेत, कठड्याच्या कोपऱ्यात गोलसर वाटा करून ते १५ सेंटीमीटर वर चढवावे, आणि कोबा घालण्याआधी गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खालच्या खोलीचे छत पाहावे. कठड्याच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेला पिंपळ नुसता उपटला, तर मूळ आतच राहते व पुन्हा फुटते. फट उघडूनच ते काढावे लागते.

पिंपे विटांवर चार बोटे उचललेली असावीत. खालून पाणी वाहते आणि भोकातून बाहेर आलेली मुळे हवेत सुकतात. गच्चीचा उतार पाच मीटरला पाच सेंटीमीटर तरी हवा, आणि पाइपाच्या तोंडापासून दोन हात जागा मोकळी असावी. त्या तोंडावरची जाळी पाचोळ्याने बुजली, की कठड्यांमुळे गच्चीचे टाके होते, आणि दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला आणखी १०० किलो. यासाठी कठड्यात, मेंब्रेनच्या कडेच्या खालीच, पाइपाच्या तोंडाहून पाच सेंटीमीटर उंचीवर दुसरे भोक ठेवून त्याची नळी अंगणाच्या बाजूला काढावी. ती वाहू लागली, की वर जाऊन जाळी साफ करायची.