एचआरची प्रायव्हसी नोटीस आली कुठून?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात पूर्वी कामगाराची माहिती म्हणजे हजेरीचं मस्टर आणि पगारपत्रक, बास. मग पीएफ, आधार, बँक पासबुकची झेरॉक्स, थंब मशीन असं एकेक वाढत गेलं, आणि हे सगळं कशाला घेताय, किती दिवस ठेवणार असं विचारायची पद्धतच नव्हती.

कागदावर मात्र 2011 पासून नियम होता. आयटी कायद्याच्या 43अ कलमाखालचे ते नियम, त्यात थंब, बँकेचे डिटेल्स, तब्येतीची माहिती हे संवेदनशील धरलं होतं, लेखी संमती घ्या आणि माणसाने दिलेली माहिती त्याने मागितली तर बघू द्या असं होतं. पाळलं किती जणांनी ते सोडा. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या बेंचने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर मसुद्यांवर मसुदे, आणि 2023 मध्ये डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा.

खरा घोळ इथे आहे. या कायद्यात नोटीस जोडलीय संमतीला, म्हणजे संमती मागताना कुठली माहिती कशाला घेतोय हे सांगणारी नोटीस द्यायची. पण कलम 7 म्हणतं नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला संमतीच लागत नाही (2022 च्या मसुद्यात याला गृहीत संमती म्हटलं होतं, नाव गेलं, सवलत राहिली). मग नोटीस तरी कशाला, असं मालकाचा सल्लागार म्हणणार, आणि कायदा वाचला तर तो अगदी चुकीचा पण नाही. आणखी पुढे, आपली माहिती बघायला मागायचा हक्क कलम 11 मध्ये आहे, तो पण ज्याने संमती दिली किंवा आपणहून माहिती दिली त्यालाच.

आता एक कामगार धरा. पगारासाठी खातं नंबर, हजेरीसाठी थंब, हे नोकरीचं कारण. त्याचाच फोटो कंपनीच्या जाहिरातीच्या कॅलेंडरवर टाकायचा तर संमती पाहिजे, म्हणजे नोटीस पण. गंमत बघा, फोटोबद्दल तो हक्काने विचारू शकतो, पण थंबच्या डेटाबद्दल कलम 11 त्याच्या हातात नाही, जो 2011 च्या नियमात निदान बघता येतो. माझ्या मते हे सरळ सरळ मालकाच्या बाजूने झुकलंय.

किती दिवस ठेवायचं ते मात्र फोटो असो की थंब, सारखंच, काम संपलं की पुसा, कायद्याने ठेवायला सांगितलं असेल तेवढं सोडून. जुन्या वेतन कायद्यात रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून 3 वर्षं जपायचं होतं, त्यामुळे नोकरी सोडली तरी पगाराची नोंद राहणार, पण थंब तितकी वर्षं ठेवायला तसं कारण सापडत नाही. म्हणून ज्या नोटिशीत सगळ्याला एकच मुदत लिहिलेली दिसते ती कुठूनतरी कॉपी मारलेली समजा.

डीपीडीपी कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, त्यातली नोटिशीची कलमं 18 महिन्यांनी लागू होणार, तोवर 2011 चंच चालू.