प्रदर्शनातील स्टॉलवाटप

व्यापारी प्रदर्शनातील जागा सहभागींना कोणत्या क्रमाने द्यायची, हे ठरवण्याची पद्धत. बहुतेक आयोजक तीन गोष्टी पाहतात : मागितलेल्या जागेचा आकार, अर्जातील पसंतीक्रम आणि पैसे जमा झाल्याची वेळ. तिन्हींना सारखेच वजन नसते. आकारावरून गट पाडतात, गटातला क्रम पैशांवरून लावतात आणि ज्याचा नंबर येईल त्याला त्याच्या पसंतीतली पहिली रिकामी जागा मिळते.

हॉलचा आराखडा सहसा ३ × ३ मीटरच्या, म्हणजे ९ चौरस मीटरच्या चौकटींत आखतात. मोठी जागा म्हणजे अशा लागून असलेल्या चौकटी. जागेची किंमत मात्र नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही, किती बाजू रस्त्याकडे उघड्या आहेत यावरही ठरते. रांगेतल्या स्टॉलची एकच बाजू उघडी असते, कोपऱ्याच्या स्टॉलच्या दोन, रांगेचे टोक अडवणाऱ्याच्या तीन आणि चारही बाजूंनी मोकळा असेल तो आयलंड.

आकार आधी का पाहायचा, हे एका छोट्या आराखड्यावरून कळते. पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगा घेऊ. वर १ ते ६ आणि त्यांच्या मागे ७ ते १२. कोपरे चार : १, ६, ७ आणि १२. ‘ग’ला कोपऱ्यावरची एक चौकट हवी आहे आणि त्याने सर्वांत आधी पैसे भरले आहेत. त्यानंतर ‘ख’ने कोपऱ्यासह दोन चौकटींचे, मग ‘घ’ने कोपऱ्यावरच्या एका चौकटीचे आणि शेवटी ‘क’ने चार चौकटींचे पैसे भरले. ‘क’ला तीन बाजू उघड्या हव्या आहेत.

नुसता पैशांचा क्रम लावला, तर ‘ग’ १ घेतो, ‘ख’ ५ आणि ६, ‘घ’ १२. दोन्ही टोके मोडली. ‘क’ला मधल्या चार चौकटींवर भागवावे लागते. त्याने ३, ४, ९, १० घेतल्या, तर २, ७, ८ आणि ११ इकडेतिकडे उरतात आणि आणखी एखादा मोठा सहभागी आला तरी त्याला देण्याजोगी सलग जागा नसते. आकार आधी धरला की चित्र पालटते. ‘क’ला १, २, ७, ८ हे टोक मिळते, ‘ख’ला ५ व ६, ‘ग’ला १२. ‘घ’ला कोपरा उरत नाही. त्याला ११ दिली, तर ३, ४, ९, १० हा सलग तुकडा शिल्लक राहतो. लहान स्टॉल कुठेही बसतो, मोठ्याला मात्र तुकडे जोडून जागा करून देता येत नाही. ‘घ’ने ‘क’च्या आधी पैसे भरले होते, त्यामुळे त्याची तक्रार येणारच, नियम अर्जावरच छापलेला असेल तरच तिला उत्तर देता येते.

पसंतीक्रमातली मेख वेगळी आहे. नंबर आला की उरलेल्यांतले हवे ते घ्या, या पद्धतीला अर्थशास्त्रात सिरियल डिक्टेटरशिप म्हणतात. नाव भीतिदायक असले तरी तिचा एक गुण मोठा आहे : खरी आवड लपवून कुणाचाच फायदा होत नाही. अट एवढीच, की यादी हवी तितकी लांब लिहिता आली पाहिजे. अर्जात तीनच रकाने असले की हा गुण जातो. ‘घ’ने १, ६, १२ असे तीन कोपरे लिहिले, तर आकाराच्या क्रमात त्याची पाळी येईपर्यंत तिन्ही गेलेले असतात आणि त्यापुढे आयोजकाची मर्जी चालते. वशिल्याचा संशय बहुधा इथेच येतो. स्टॉल क्रमांकांबरोबर ‘प्रवेशद्वाराजवळ’, ‘प्रतिस्पर्ध्यापासून दूर’ अशा अपेक्षाही विचारलेल्या बऱ्या.

पैशांच्या क्रमात सगळा वाद ‘भरले’ या शब्दाचा. अर्जाची तारीख, चेकवरची तारीख आणि रक्कम आयोजकाच्या खात्यात आल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटची धरणेच सुरक्षित, कारण ती बँकेच्या उताऱ्यावर तपासता येते. हप्ता पूर्ण आला तरच क्रम धरायचा असेल, तर परदेशातून पाठवलेली रक्कम अडचणीत येते : वाटेत बँका आपले शुल्क कापून घेतात आणि थोड्या रकमेसाठी सहभागी रांगेत मागे जातो. म्हणून बँकेचे शुल्क पाठवणाऱ्याने सोसायचे, हे मागणीपत्रातच लिहितात.

या पद्धतीतली नेहमीची चलाखी म्हणजे मोठी जागा मागून आधी नंबर लावायचा, टोक पदरात पाडायचे आणि मग आकार कमी करून मागायचा. ‘क’ने नंतर दोनच चौकटी ठेवल्या, तर त्याला १ आणि २ मिळून कोपरा राहतो, तोही ‘ख’ आणि ‘ग’च्या आधी निवडलेला. यावर उपाय एकच : आकार घटवला की जुने वाटप रद्द, आणि नव्या आकाराच्या गटात अर्ज त्या दिवसाच्या तारखेने पुन्हा रांगेत.