प्रश्नपेढीत प्रश्न द्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि टॅग कसे भरायचे

आपल्या विज्ञान शिक्षकांच्या गटाची दहावीची प्रश्नपेढी आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांसाठी उघडलीय आणि रोज तेच तेच प्रश्न विचारले जाताहेत की कोण देऊ शकतं, काय जोडायचं, ते रकाने कसे भरायचे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी पात्रता. सध्या दहावीला विज्ञान शिकवताय किंवा मागच्या तीन वर्षांत शिकवलंय, तर तुम्ही प्रश्न देऊ शकता, शाळा अनुदानित असो, विनाअनुदानित असो की आश्रमशाळा. बीएडच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला प्रश्न चालतो, पण त्यावर शिकवणाऱ्या शिक्षकाचं नाव लागतं कारण पुढे शंका आली तर विचारायचं त्यालाच. स्वतःचं मूल किंवा जवळच्या नात्यातलं कुणी यंदा दहावीला असेल तर प्रश्न द्या, पण पेढी उघडून बघायची परवानगी त्या वर्षापुरती मिळणार नाही. यात सूट नाही, कृपया आग्रह धरू नका.

कागद तीनच. मुख्याध्यापकांचं सहीशिक्क्याचं पत्र, शालार्थ आयडी (तो नसेल तर नेमणूक आदेशाची झेरॉक्स), आणि प्रश्न स्वतः तयार केलाय, गाईडमधून उचललेला नाही असं हमीपत्र. सोबत प्रश्नांची एक्सेल फाईल, युनिकोडमधेच टाईप केलेली. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर छान दिसते, पण आमच्याकडे सर्च मारला की एक शब्द सापडत नाही, आणि जो प्रश्न सापडत नाही तो पेपर काढताना वापरला जात नाही.

आता मुख्य काम, टॅग. प्रत्येक प्रश्नाला घटक, अध्ययन निष्पत्ती, काठिण्य पातळी आणि गुण असे चार टॅग लागतात. ते भरल्यावर ओळ अशी दिसते:

```
SCI10-1-05-03 | N2 | K2 | G2
```

म्हणजे दहावी विज्ञान भाग 1, धडा 5 (उष्णता), उपघटक 3 (विशिष्ट उष्माधारकता), निष्पत्ती 2, काठिण्य मध्यम, गुण 2. इथे प्रश्न असाय: 2 किलो पाण्याचं तापमान 30 अंशावरून 80 अंश सेल्सिअस करायला किती उष्णता लागेल? उत्तर 100 किलोकॅलरी.

बरेच जण घटकाच्या रकान्यात नुसतं 'उष्णता' लिहून पाठवतात, ते परत येतं. त्या धड्यात अप्रकट उष्मा आहे, पाण्याचं असंगत आचरण आहे, आर्द्रता आहे, आणि पेपर काढणाऱ्याला जर फक्त धडा कळला तर त्याला सगळे प्रश्न उघडून वाचत बसावं लागेल, मग टॅगचा फायदा काय? उपघटकाची यादी फाईलच्या दुसऱ्या शीटवर दिलीय, त्यातलाच नंबर घ्या, स्वतःचा नवीन बनवू नका.

निष्पत्ती म्हणजे मुलाला त्या घटकाचं काय करता आलं पाहिजे. वरचं गणित आणि 'विशिष्ट उष्माधारकतेची व्याख्या लिहा' हे दोन्ही एकाच उपघटकाचे, पण पहिल्यात मूल सूत्र वापरतं आणि दुसऱ्यात आठवतं, म्हणून टॅग वेगळे. एका प्रश्नाला एकच निष्पत्ती लावा, दोन लावाव्या वाटत असतील तर बहुतेक वेळा तो प्रश्नच दोन तुकड्यांत फोडायला हवा.

सगळ्यात जास्त घोळ काठिण्याचा. व्याख्या आहे म्हणजे सोपं आणि गणित आहे म्हणजे अवघड असं धरून लोक भरतात, ते बरोबर नाही. सरावाचं गणित वर्गातली बहुतेक मुलं सोडवतात आणि 'पुनर्हिमायन म्हणजे काय' याला अर्धा वर्ग गप्प बसतो. म्हणून तुम्ही भरलेलं काठिण्य आम्ही अंदाज म्हणूनच ठेवतो, आणि घटक चाचणीत प्रश्न वापरल्यावर ते आकड्याने दुरुस्त करतो.

आकडा कसा काढायचा? समजा 60 मुलांनी चाचणी दिली. एकूण गुणांप्रमाणे पेपर लावा आणि वरची 27 टक्के, खालची 27 टक्के वेगळी काढा, म्हणजे इकडे 16 आणि तिकडे 16. त्या प्रश्नाचं उत्तर वरच्यांपैकी 13 जणांचं आणि खालच्यांपैकी 5 जणांचं बरोबर आलं, तर काठिण्य निर्देशांक 18 भागिले 32, म्हणजे 0.56. इथे आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, हे उलटं धरू नका. 0.70 च्या वर सोपा, 0.30 च्या खाली कठीण, मधला मध्यम. मग 13 वजा 5 भागिले 16, हे आलं 0.50, याला भेदन निर्देशांक म्हणतात, अभ्यास असलेलं आणि नसलेलं मूल प्रश्न वेगळं करतो का ते यातून दिसतं. 0.20 च्या खाली आला तर प्रश्न पेढीतून तात्पुरता बाजूला.

हा दुसरा आकडा टाळू नका, का ते बघा. बहुपर्यायी प्रश्न आहे, 'पाणी थंड केल्यास त्याचे आकारमान काय होते?', आणि उत्तरसूचीत 'कमी होते'. समजा वरच्या 16 पैकी 5 बरोबर आणि खालच्या 16 पैकी 9. काठिण्य 0.44, म्हणजे दिसायला अगदी मध्यम प्रश्न, कुणालाही शंका येणार नाही. पण भेदन उणे 0.25! कारण हुशार मुलाला 4 अंशाखाली पाणी प्रसरण पावतं हे माहितीय, तो अडखळतो आणि 'वाढते' वर खूण करतो, ज्याने धडा वाचलाच नाही तो सरळ 'कमी होते' लिहून गुण घेतो. प्रश्नात '10 अंशावरून 4 अंश सेल्सिअसपर्यंत' एवढं घातलं की तो दुरुस्त झाला, पण मग त्याला नवा प्रश्न समजून जुना आकडा पुसायचा आणि परत चाचणीत घ्यायचा.

आपल्या भागासाठी अजून एक गोष्ट, आणि ही मला मनापासून महत्त्वाची वाटते. आकड्यासोबत चाचणी कुठे झाली ते लिहाच. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या ज्या वर्गात मुलं घरी पावरी किंवा भिलोरी बोलतात तिथे चार ओळींचा लांबलचक प्रश्न कठीण येतो आणि तोच जळगाव शहरात मध्यम येतो, विज्ञान तेवढंच, मराठी वाक्य जड. असा फरक दिसला तर K बदलू नका, शेरा रकान्यात 'भाषा' लिहा, आम्ही वाक्य सोपं करून दोन्हीकडे पुन्हा घेतो. नाहीतर त्या मुलांच्या नावावर विज्ञान येत नाही असा शिक्का बसतो जो खोटाय. तसंच दहाबारा मुलांच्या वर्गावरून आकडा काढू नका, दोनतीन शाळा मिळून एकच चाचणी घ्या.

शेवटचा रकाना 'सोबत नको'. एका प्रश्नात दुसऱ्याचं उत्तर दिसत असेल तर तिथे त्याचा नंबर टाका, म्हणजे पेपर जोडताना दोन्ही एकत्र येणार नाहीत.

फाईल पाठवली की दुसऱ्या शाळेतले दोन शिक्षक तुमचं नाव न बघता आपापले टॅग लावतात. तुमच्याशी आणि एकमेकांशी जुळले तर प्रश्न आत, निष्पत्तीवर मतभेद झाला तर तुम्हाला फोन येईल, तेव्हा प्रश्न लिहिताना मुलाकडून काय अपेक्षा होती ते एका वाक्यात सांगायची तयारी ठेवा.