मोबाइल बॅटरीचे पुनर्चक्रीकरण

जुन्या मोबाइल फोनमधील लिथियम-आयन बॅटरी सुरक्षितपणे वेगळी करून तिच्यातले धातू पुन्हा वापरात आणण्याची प्रक्रिया. फोनच्या सर्किट बोर्डातले सोने, चांदी आणि तांबे काढण्याची वाट वेगळी आहे. तो बोर्ड तांब्याच्या भट्टीत जाऊ शकतो. बॅटरी मात्र त्याआधीच बाजूला काढावी लागते, कारण चिरडली किंवा तापली की ती पेट घेते.

बॅटरीच्या चंदेरी पाकिटात एक लांब पट्टी घडी घालून किंवा गुंडाळून बसवलेली असते. तांब्याच्या वर्खावर ग्रॅफाइटचा थर, अॅल्युमिनियमच्या वर्खावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा काळा थर, आणि दोन्हींच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा. हे सगळे ज्वलनशील द्रवात भिजलेले असते. पडदा फाटला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, आत उष्णता वाढत जाते आणि काही क्षणांत भडका उडतो. द्रवातल्या लिथियम क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत विषारी वायू तयार होतो.

४,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घेऊन हिशेब करू. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा एक ग्रॅम व्यवहारात साधारण १६० मिलिअँपिअर-तास साठवतो, म्हणजे बॅटरीत ते सुमारे २५ ग्रॅम लागते. त्याच्या वजनाचा ६० टक्के भाग कोबाल्ट असतो. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या त्या बॅटरीत सुमारे १५ ग्रॅम कोबाल्ट निघतो आणि लिथियम जेमतेम पावणेदोन ग्रॅम. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातल्या खाणींतून येतो, त्यामुळे पुनर्चक्रीकरणाचा खर्च प्रामुख्याने कोबाल्टच भरून काढतो.

घरात खरा धोका फुगलेल्या बॅटरीचा. आतला द्रव विघटित होऊन वायू साठतो, फोनची मागची काच उचलली जाते, स्क्रीन कडेने सुटू लागते. असा फोन चार्जिंगला लावू नये, दाबून बसवू नये आणि वायू काढण्यासाठी टाचणीने टोचणे तर मुळीच नको. फोन बंद करून धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवावा आणि लवकरात लवकर संकलन केंद्राला द्यावा. चिकटवलेली बॅटरी घरी उचकटून काढण्यापेक्षा अख्खा फोन दिलेला बरा. सुटी बॅटरी असेल तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. सुक्या कचऱ्यात ती कधीच टाकू नये: कचरागाडीत माल दाबला जातो आणि कागद-प्लास्टिकच्या मधोमध आग लागते. त्यात गाडीवरच्या कामगारांचा जीव धोक्यात येतो.

अनौपचारिक भंगार बाजारात बोर्डाला भाव असतो. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये असे बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढले गेले, आणि त्याची राख व सांडपाणी रामगंगा नदीकाठी पोहोचले. बॅटरीतला कोबाल्ट मात्र असा उघड्यावर काढता येत नाही.

कारखान्यात बॅटऱ्या आधी पूर्ण डिस्चार्ज करतात आणि मग नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूत किंवा पाण्याखाली त्यांचे तुकडे करतात. चाळणी मारल्यावर तांबे, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक वेगळे होते, आणि खाली उरते ती काळी भुकटी. या धंद्यात तिला ‘ब्लॅक मास’ म्हणतात: ग्रॅफाइट आणि धातूंच्या ऑक्साइडांचे मिश्रण. काही कारखान्यांचे काम इथेच संपते. ते ही भुकटी पुढे विकतात. पुढच्या कारखान्यात ती गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात. कोबाल्टचे रूप आम्लात सहजी विरघळणारे नसते. पेरॉक्साइड त्याला विरघळणाऱ्या रूपात आणते. ग्रॅफाइट न विरघळता गाळात राहते. द्रावणाची आम्लता हळूहळू कमी करत लोह, अॅल्युमिनियम आणि तांब्याचे अंश काढतात, मग विशिष्ट सेंद्रिय द्रावकाने कोबाल्ट ओढून घेतात आणि त्याचे कोबाल्ट सल्फेट बनवतात. लिथियम सर्वांत शेवटी: द्रावण गरम करून त्यात धुण्याचा सोडा घालतात. लिथियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून ते पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते.

दुसरी पद्धत भट्टीची. बॅटऱ्या थेट वितळवल्या की कोबाल्ट आणि तांबे मिश्रधातूत येतात, पण ग्रॅफाइट जळून जाते आणि लिथियम मळीत अडकते. मळीतून ते काढता येते, पण महागात पडते.

भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार बॅटरी बनवणाऱ्या व आयात करणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. लहान बॅटऱ्यांतून कोरड्या वजनाच्या किती टक्के माल परत मिळायला हवा, हेही नियमांत ठरवले आहे: २०२४-२५ मध्ये ७० टक्के, २०२६-२७ पासून ९० टक्के. वरच्या उदाहरणातल्या बॅटरीत ग्रॅफाइटच सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असते. आजवर गाळ म्हणून टाकले जाणारे हे ग्रॅफाइट परत मिळवल्याशिवाय ९० टक्क्यांचा आकडा गाठता येणार नाही.