एमसीबी आहे, अर्थिंग आहे, तरी पंपाच्या बॉडीत करंट का राहतो?

“पंपाला स्वतंत्र अर्थिंग केलंय, ३२ अँपिअरचा एमसीबी आहे. बॉडीत करंट उतरला तर तो लगेच पडेलच ना?”

नाही. फॉल्टचा करंट जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत परत जातो आणि या पूर्ण वाटेचा अडथळाच सगळं ठरवतो. रावेरकडच्या केळीच्या मळ्यातला हिशोब घ्या. पंपाच्या अर्थिंगचा रॉड ८ ओहम, ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग २ ओहम, वायरचा अडथळा नगण्य. २३० व्होल्टला १० ने भागलं की २३ अँपिअर. सी प्रकारचा ३२ चा एमसीबी खात्रीने झटक्यात पडायला त्याच्या दहापट, म्हणजे ३२० अँपिअर लागतात. त्यासाठी या पूर्ण वाटेचा अडथळा ०.७२ ओहमच्या आत हवा. २३ अँपिअर तर त्याला साधा लोड वाटतो. तोवर बॉडीवर २३ × ८, म्हणजे १८४ व्होल्ट उभे असतात! उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की रॉडचा अडथळा आणखी वाढतो.

लहान एमसीबी लावूनही भागत नाही. बी प्रकारच्या ६ अँपिअरलाही खात्रीसाठी ३० लागतात, आणि मोटर त्यावर सुरूच होणार नाही.

इथे आरसीसीबीच हवा, म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की लाईन तोडणारा स्विच. ३०० मिलिअँपिअरचा असेल तर बॉडीवर ५० व्होल्ट चढण्याआधी तोडायला रॉड १६६ ओहमपर्यंत चालतो. माणसाच्या थेट स्पर्शासाठी मात्र ३० मिलिअँपिअरचाच. शॉर्ट सर्किट आणि ओव्हरलोडसाठी एमसीबी सोबत राहू द्या.