कंपनीत दिव्यांगत्वासाठी सोय मागायची असेल तर: अर्ज, कागदपत्रे आणि गोपनीयता

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये दिव्यांग कर्मचारी म्हटले की व्हीलचेअर किंवा कुबडी आठवते. सोयीचा अर्ज मात्र बऱ्याचदा ज्यांचे दिव्यांगत्व बाहेरून दिसत नाही त्यांचाच अडकतो. म्हणून इथे एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ या. अंबडच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारा कामगार, वय पस्तिशीच्या आसपास, आणि डोळ्यांच्या तपासणीत निघाले रेटिनायटिस पिगमेंटोसा. उदाहरण काल्पनिक आहे, अडचणी मात्र नेहमीच्या आहेत.

या आजारात आधी रात्रीचे दिसणे कमी होते, मग बाजूची नजर आकसत जाते. मधली नजर पुष्कळ वर्षे चांगली राहू शकते. त्यामुळे कंपनीच्या वार्षिक तपासणीत तो तक्त्यावरची खालची ओळही वाचतो आणि शेरा पडतो, ‘नजर ठीक’. सुपरवायझरला वाटते, दिवसा बारीक ओरखडा पकडणारा माणूस रात्रपाळीलाच कसा आंधळा होतो? नाटके करतोय. इथे तक्त्याची तपासणी उपयोगाची नाही. बाजूची नजर मोजणारी फील्ड टेस्ट, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्यावी लागते. अर्जाची तयारी तिथून सुरू होते.

हक्क कोणाला आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आधार. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे येतात. अल्पदृष्टी त्यातच आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल, किंवा दृष्टीचे क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल, तर ती अल्पदृष्टी. क्षेत्र १० अंशांच्याही खाली गेले की कायदा त्याला अंधत्व म्हणतो. आपल्या उदाहरणातला कामगार तक्ता वाचतो, तरी या दुसऱ्या निकषावर बसू शकतो.

४० टक्क्यांचा घोळ सगळीकडे आहे. नोकरीतले आरक्षण आणि बहुतेक सरकारी योजनांसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागते. कामाच्या ठिकाणच्या सोयीसाठी, ज्याला एचआरवाले रिझनेबल अकोमोडेशन म्हणतात, हा उंबरठा नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केले. तिथे प्रश्न परीक्षेत लेखनिक देण्याचा होता, पण न्यायालयाचे म्हणणे व्यापक आहे. तेव्हा ‘सर्टिफिकेटवर तीसच टक्के आहे, धोरणात बसत नाही’ असे एचआरने सांगितले तर निमूट परत फिरू नये.

कंपनीकडे काय असायला हवे

प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची, असे कायद्याचे कलम २१ सांगते. खासगी कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात कोणत्या सोयी मिळतात, दिव्यांगांसाठी कोणती पदे योग्य आहेत, बदली आणि विशेष रजेबाबत काय प्राधान्य आहे, सहायक साधने कशी मिळतील, हे लिहावे लागते. शिवाय एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. वीसपेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या छोट्या युनिटला निदान सोयीसुविधा तरी लिहून ठेवायच्या आहेत. धोरण वेबसाइटवर, नाहीतर आवारात दिसेल अशा जागी लावायचे असते. गेटजवळच्या फलकावर किमान वेतनाच्या तक्त्याशेजारी ते आहे का, एवढे आधी पाहून घ्या. नसेल तर एचआरकडे लेखी मागा. कधीकधी त्या मागणीनंतरच ते तयार होते, हेही खरे.

कागदपत्रे

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, यांसाठी swavlambancard.gov.in वर अर्ज करायचा. फोटो, ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तपासणी साधारणपणे पत्त्याच्या पुराव्यावरच्या जिल्ह्यात होते. नाशिकला दहा-दहा वर्षे राहणाऱ्या, पण आधारवर धुळे किंवा नंदुरबारचा पत्ता असलेल्या कामगारांची इथेच पंचाईत होते. एकतर आधी पत्ता बदलून घ्या, नाहीतर ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथे अर्ज करण्याचा पर्याय नियमांत आहे, तो वापरा. नाशिकचा पत्ता असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालय निवडता येते.

दुसरा कागद आहे नेत्रतज्ज्ञाचे पत्र, आणि माझ्या मते तो प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाचा आहे. प्रमाणपत्र फक्त टक्के सांगते. चाळीस टक्क्यांचा माणूस फोर्कलिफ्टच्या रस्त्यावरून चालू शकतो की नाही, हे त्यावरून कोणालाच कळत नाही. म्हणून डॉक्टरांना आजाराचा इतिहास लिहायला सांगू नका. कामावर काय जमते आणि काय जमत नाही, एवढेच लिहून मागा: अंधुक उजेडात एकट्याने फिरणे टाळावे, उजेडातून अंधाऱ्या जागेत गेल्यावर डोळे स्थिरावायला वेळ लागतो, बाजूने येणारे वाहन दिसणार नाही, चांगल्या उजेडात जवळचे बारीक काम करता येते. शेवटचे वाक्य विसरू नका. ‘नजर अधू’ एवढेच कंपनीला कळले तर क्वालिटीतून काढून पॅकिंगला बसवतील.

अर्जात काय मागायचे

आजार सांगून ‘योग्य ती सोय करावी’ असे लिहिले की अर्ज फाइलमध्ये झोपतो. अडचण आणि तिच्यासमोर सोय, असे लिहिले तर साहेबाला हो किंवा नाही म्हणावेच लागते. आपल्या कामगाराचा अर्ज साधारण असा होईल:

‘मी क्वालिटी विभागात काम करतो. मला दृष्टीचे दिव्यांगत्व असून डॉक्टरांचे पत्र बंद पाकिटात संपर्क अधिकाऱ्यांकडे दिले आहे. दुसऱ्या व तिसऱ्या पाळीत येताना-जाताना अंधारात चालणे मला धोक्याचे आहे, म्हणून मला कायम पहिली पाळी द्यावी. थंडीत पहिल्या पाळीची बसही अंधारातच येते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझा थांबा घराजवळच्या दिवे असलेल्या चौकात करावा. इन्स्पेक्शन टेबलापासून स्टोअरपर्यंतच्या वाटेवर फोर्कलिफ्ट फिरते. तिथे पायवाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी करावी किंवा माल टेबलापर्यंत आणून द्यावा. टेबलावर डोळ्यांत तिरीप न येणारा दिवा मिळावा. तपासणीचे माझे सध्याचे काम मी करू शकतो व तेच करू इच्छितो. कृपया पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे.’

थंडीची ओळ कशाला, असे वाटेल. जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सातच्या पाळीची बस सव्वासहाला पाथर्डी फाट्यावर येते. नुसती पहिली पाळी मागितली तर दोन महिन्यांत पुन्हा अर्ज करायची वेळ येईल. पंधरा दिवसांची मुदतही अर्जातच मागायची, कारण अशा अर्जाला खासगी मालकाने किती दिवसांत उत्तर द्यावे, हे कायद्याने बांधलेले नाही. कंपनीच्या धोरणात मुदत असेल तर तीच लिहा.

सोयीचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत हे सरळ लिहिले आहे. दिवा स्वतः विकत आणा, असे सांगणे नियमात बसत नाही. मात्र मालकावर अवाजवी बोजा पडेल अशी सोय कायदाही मागत नाही. दिवा, पट्ट्या, बसचा थांबा यांना बोजा म्हणणे कठीण. चार माणसांच्या विभागात कायम एकच पाळी देणे मात्र खरोखर अडचणीचे असू शकते, आणि तिथे अदलाबदलीचा मार्ग बोलून काढावा लागतो. रात्रपाळीचा भत्ता बंद होईल, हेही आधीच धरून चाला. तो त्या पाळीचा भत्ता आहे. मूळ पगाराला हात लावला तर मात्र हरकत घ्या. आणि कंपनीने फोर्कलिफ्ट चालवायला मनाई केली तर तो भेदभाव समजू नये. बाजूचे दिसत नसताना ती मनाई रास्तच आहे.

कोणाला किती सांगायचे

कर्मचाऱ्याची वैद्यकीय माहिती कंपनीत कोणापर्यंत जावी, हे या कायद्यात तपशिलाने आलेले नाही. त्यामुळे कंपनीच्या धोरणात त्यावर काय लिहिले आहे ते वाचा, आणि नसेल तर अर्जातच अट घाला. संपूर्ण गुप्तता मात्र मिळत नाही. दिव्यांग कर्मचाऱ्याचे नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, काम आणि दिलेल्या सोयी यांची नोंद आस्थापनेने ठेवायची असते आणि सरकारने नेमलेला अधिकारी ती पाहू शकतो. व्यवसाय करातून सूट घेतली असेल तर अकाउंट्सलाही माहिती असतेच. ज्याच्याकडे ती ज्या कामासाठी आली, ती त्याच्यापाशीच थांबायला हवी.

फील्ड टेस्टचे रिपोर्ट फक्त कंपनीच्या डॉक्टरांना दाखवा, प्रत देण्याची सहसा गरज नसते. डॉक्टरांचे पत्र संपर्क अधिकाऱ्याकडे. सुपरवायझरला लागतो तो फक्त निर्णय: याला पहिली पाळी, फोर्कलिफ्ट द्यायची नाही, माल टेबलावर पोचवायचा. आजाराचे नाव त्याला सांगावे लागत नाही. गळती होते ती भलतीकडूनच. पाळीचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो आणि नावापुढे लिहिलेले असते, ‘मेडिकल, डोळे’. म्हणून अर्जाच्या तळाशी एक ओळ टाका: पाळीच्या तक्त्यात किंवा ग्रुपवर कारण लिहू नये, ‘एचआरच्या आदेशाने’ एवढेच असावे.

नकार आला तर

तोंडी नकार हा नकार धरू नका, कारण लेखी मागा. वीस किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीकडे भेदभावाची तक्रार गेली, तर तिने एकतर कार्यवाही करायची किंवा आपला निर्णय रास्त का आहे ते लेखी कळवायचे, असे नियम सांगतात. त्यानेही भागले नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. ती साठ दिवसांत, आणि अपवादात्मक प्रकरणात तीस दिवसांत निकाली काढायची असते. सरकारी नोकरीत वाट वेगळी आहे. तिथे कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची आणि समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून काढता येणार नाही किंवा पद उतरवता येणार नाही, हे कलम २० मधले थेट संरक्षणही सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी कामगाराला भेदभावाविरुद्धच्या तरतुदींवर भांडावे लागते, म्हणून त्याचे कागद जास्त पक्के हवेत.

पुण्याच्या तक्रारीला अर्जाची आवक शिक्क्याची प्रत, डॉक्टरांचे पत्र, प्रमाणपत्र आणि कंपनीचे उत्तर जोडा. कंपनीत आवक शिक्का मारत नसतील तर तोच अर्ज एचआरच्या ईमेलवर पाठवा, किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, आणि पावती यूडीआयडी कार्डासोबत ठेवा.